चालेल एवढा फरक

जळोचीच्या रश्मी अहिवळेला हिरव्या रंगाची भीती वाटायला लागली, त्याला आता वर्ष होत आलं. कुणाला सांगितलं तर हसतील म्हणून ती सांगत नाही. पण झालं ते असं.

रश्मी शेळगावजवळच्या 'हिरवळ' नावाच्या सहकारी पशुखाद्य कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एसटी धरायची, भवानीनगर, अंथुर्णे मागं टाकायचं आणि फाट्यावर उतरून चालत जायचं, हे तिचं बारा महिन्यांचं. मका, सरकी पेंड, भाताचा कोंडा असा माल आला की त्याचा नमुना तपासायचा, ओल किती, प्रथिनं किती ते काढायचं आणि त्यावरून एक टन खाद्यात काय किती टाकायचं याचा तक्ता खाली मिक्सरवर पाठवायचा. दुभत्या गाईचं खाद्य वेगळं, वासराचं वेगळं, गाभण गाईचं वेगळं.

हे काम तिला सावळाराम तात्यांनी शिकवलं. रश्मीचं लग्न दौंडला झालं होतं, ते टिकलं नाही. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती माहेरी परत आली, तेव्हा वडील, ज्ञानदेव गुरुजी, नुकतेच वारले होते आणि घरात आई भागुबाई, दोन गाई आणि गावाचे प्रश्न एवढंच उरलं होतं. नोकरीसाठी आली तेव्हा तात्यांनी तिला ना मार्क विचारले, ना आडनावावरून काही चाचपलं. मूठभर पेंड तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "वास घेऊन सांग, चांगली हाय का खवट?" ती म्हणाली, "खवट आहे." तात्या म्हणाले, "उद्यापासनं ये."

तात्या कारखान्याचे आहार अधिकारी होते. सगळे तक्ते काढणारी एक एक्सेलची फाईल त्यांनी स्वतः बांधलेली होती, वर्षानुवर्षं डागडुजी करत. कारखान्यात तिला 'तात्यांची फाईल' असंच म्हणत. एका पानावरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर अशा तिच्या वाटा. काही पानं लपवलेली, काही चौकटींत सूत्र, काहींत नुसताच हातानं टाकलेला आकडा. तात्यांच्या डोक्यात सगळा नकाशा होता. ते निवृत्त होऊन वडगाव निंबाळकरला घरी बसले आणि नकाशाही त्यांच्याबरोबर गेला. मग फाईल मधूनच अडायची. एकदा मक्याचा नवा भाव टाकला तर वासरांच्या खाद्यातला चुनाच गायब झाला.

नवे व्यवस्थापक इंद्रजित निंबाळकर यांनी रश्मीला बोलावून सांगितलं, "ताई, ही फाईल नव्यानं बांधा. नीटनेटकी, कुणालाही वाचता येईल अशी. फक्त एक अट. उत्तरं तीच आली पाहिजेत. उद्या कुणी म्हणायला नको, की फाईल बदलली आणि खाद्य बिघडलं."

अट रास्त होती. रश्मीलाही ती मान्य होती. उलट तिनंच ती आणखी घट्ट केली. उसाचा हंगाम सुरू होता तेव्हा तिनं काम हातात घेतलं आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत नवी फाईल उभी केली. माल एका पानावर, मालाचे गुण दुसऱ्यावर, तक्ते तिसऱ्यावर. हातानं टाकायच्या चौकटी पिवळ्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही. बांधताना तिनं दुभत्या गाईच्या तक्त्यातलं एकेक सूत्र उलगडून पाहिलं, वासरांच्या तक्त्यातलं पाहिलं, दोन्ही सारखी निघाली. गाभण गाईच्या तक्त्यातही तीच असणार असं तिनं धरलं. ते पान तिनं उलगडलं नाही. हे पुढं तिला फार लागलं.

मग आली पडताळणी. जुन्या बॅचांची माहिती काढून तीच माहिती तिनं दोन्ही फायलींत भरली. तीच पेंड, तीच ओल, तेच प्रथिन. दोन्हींची उत्तरं तिसऱ्या एका फाईलमध्ये समोरासमोर आणली. जुन्यातली कुठली चौकट नव्यातल्या कुठल्या चौकटीला जुळते याची जोडी लावली, कारण नव्या फाईलमध्ये सगळ्यांच्या जागा बदललेल्या. प्रत्येक जोडीची वजाबाकी करायची, उणे-अधिक चिन्ह सोडून द्यायचं आणि उरलेला फरक ठरवलेल्या मुभेत असेल तर चौकट हिरवी, नसेल तर लाल.

पहिल्या दिवशी पडद्यावर कुंकू सांडल्यासारखं झालं.

रश्मी घाबरली नाही. एकेक लाल चौकट घेऊन बसली. काही ठिकाणी जुन्या फाईलमधला आकडा आकडा नव्हताच, अक्षर म्हणून टाइप केलेला होता. डोळ्यांना बारा दिसायचे, पण बेरजेत धरले जायचे नाहीत. काही ठिकाणी जुन्यात रिकामी चौकट आणि नव्यात शून्य. ते सगळं एकेक करून तिनं निस्तरलं. मग उरलेले फरक तिला गोल करण्याचेच दिसले. तात्यांची फाईल चिमटीचा माल सोडून बाकीचे आकडे मधल्या पायरीवरच एका दशांशावर गोल करायची, मग पुढची बेरीज. नवी फाईल शेवटपर्यंत पूर्ण आकडा धरून ठेवायची. त्यामुळं मका जुन्यात ३१२.४ किलो तर नव्यात ३१२.३६. चाळीस ग्रॅमचा फरक. एका टनात चाळीस ग्रॅम मका म्हणजे गाईच्या शेपटीनं उडालेली माशी. पण तिनं मुभा एका ग्रॅमची ठेवली होती, म्हणून लाल.

इंद्रजित खुर्ची ओढून शेजारी बसले. "ताई, खालचा मोठा काटा किती ग्रॅमपर्यंत दाखवतो?"

"शंभर."

"मग जे काट्यालाच कळत नाही, ते आपण कशाला बघत बसायचं? मुभा शंभर ग्रॅमची करा."

बोलण्यात खोट नव्हती. रश्मीनं मुभेच्या चौकटीत ०.१ टाकलं. वरपासून खालपर्यंत सगळं पान हिरवं झालं, उन्हाळ्यात पाणी पाजलेल्या घासासारखं. इंद्रजित खूश झाले. संचालकांच्या बैठकीत सांगतो म्हणाले, कँटीनमधून भेळ मागवली.

भेळ खाताना रश्मीला बरं वाटत नव्हतं. एवढी जुनी, एवढी ठिगळाची फाईल आणि एकही खरा फरक नाही? तिचे वडील गणित शिकवायचे. सगळ्या वर्गाचं उत्तर बरोबर आलं, की ते खूश व्हायच्या ऐवजी आधी प्रश्न तपासायचे. दुसऱ्या दिवशी ती आली आणि तिनं उलटा खेळ केला. नवी फाईल बाजूला ठेवली, तिची नक्कल घेतली आणि त्या नकलेत मुद्दाम चुका पेरल्या. मका दहा किलोनं वाढवला, लगेच लाल. चुना अर्धा केला, लाल. मीठ काढून टाकलं, लाल. पडताळणी जागी होती म्हणायची.

मग तिनं सेलेनियम शून्य केलं.

चौकट हिरवीच राहिली.

तिनं पुन्हा टाकून पाहिलं. हिरवीच. सेलेनियम हे चिमटीनं घालायचं खनिज. कमी पडलं तर गाय व्याल्यावर जार, म्हणजे वार, आत अडकते, वासरू लेचंपेचं निघतं. जास्त झालं तर विष. शुद्ध कोणी वापरत नाही, चुन्याच्या भुकटीत पातळ केलेली पूड येते. ती गाभण गाईच्या टनभर खाद्यात शंभर ग्रॅम पडते, दुभत्याच्या खाद्यात त्याहून कमी. म्हणजे अख्खं सेलेनियम उडवलं तरी फरक फार तर शंभर ग्रॅमचा, आणि मुभाही शंभर ग्रॅमची. मोठ्या काट्याच्या हिशोबानं ठरवलेली मुभा तिनं सोनाराच्या ताजव्यावरच्या मालाला लावली होती.

तिनं मुभा बदलली. आता प्रत्येक मालाला त्याच्या स्वतःच्या वजनाच्या हिशोबानं मुभा: हजारात एक भाग. मका तीनशे किलो असेल तर तीनशे ग्रॅमपर्यंत चालेल, आणि शंभर ग्रॅमची पूड असेल तर ग्रॅमचा दहावा भाग. गोल करण्यामुळं मधल्या वजनाच्या मालाच्या काही चौकटी पुन्हा लाल झाल्या, त्या तिनं हातानं तपासून बाजूला काढल्या. ज्याचं कारण कळलं तो फरक एका कागदावर लिहिला. शेवटी एक रांग उरली. फक्त एक, पण आडवी सगळीच्या सगळी लाल. जेवढ्या बॅचा तपासल्या तेवढ्या.

गाभण आहार. सेलेनियम पूड. नव्या फाईलमध्ये शंभर ग्रॅम. तात्यांच्या फाईलमध्ये बावीस.

रश्मीनं तात्यांच्या फाईलमधलं ते पान आता उलगडलं. इतर तक्त्यांत ज्या चौकटीत सूत्र होतं, तिथं या तक्त्यात नुसता हातानं टाकलेला आकडा होता: ०.०२२. सूत्र पुसून कुणीतरी आकडा बसवला होता, आणि तो तसाच राहिला होता.

पहिला विचार मनात आला तो असा, की फाईलमध्ये काही असलं तरी खाली बरोबर टाकत असतील. ती तशीच उठून खाली गेली. लहान काट्यावर पूड तोलायचं काम बिरदेव करायचा. शेळगावचाच, चाळिशीचा, कामाला चोख माणूस.

"बिरदेव, गाभण आहाराला सेलेनियम किती घालता?"

"बावीस ग्राम."

"नेहमी?"

"तक्त्यात येतं तेवढंच. चार वर्सं झाली की. आधी शंभर हुतं. तात्यांनीच बदलून दिलं." त्यानं तिच्याकडं पाहिलं. "का ओ ताई, चुकलं का काय?"

"तुमचं काही चुकलं नाही," रश्मी म्हणाली. एवढं तिला खात्रीनं सांगता आलं.

त्या संध्याकाळी एसटीत खिडकीशी बसून ती नुसती उसाकडं बघत राहिली. घरी आली तर भागुबाई गोठ्यात होती. दोन गाई होत्या, आता एकच आहे. दुसरी, कपाळावर पांढरा टिळा असलेली, मागच्या पावसाळ्यात व्याली आणि तिची जार पडली नाही. डॉक्टर आले, हात घालून काढली, औषधं झाली. पण आत पू झाला, गाय वाळत गेली आणि मग गेली. वासरूही उभं राहिलं नव्हतं. गाभणपणात तिला 'हिरवळ'चं गाभण आहाराचं खाद्य घालत होते. रश्मीनंच आणून दिलं होतं. "आमच्याकडचं आहे, आई, डोळे झाकून घाल," म्हणाली होती.

आता तिनं आईला सगळं सांगितलं. भागुबाईनं शेणाचा हात तसाच ठेवून ऐकलं. मग म्हणाली, "जार काय त्येनंच अडकती असं न्हाय. माज्या म्हायेरीबी अडकायची, तवा कुठलं आलं हुतं तुजं खाद्य?"

"मला समजावू नको, आई."

"समजावत न्हाय. सांगते. तुला ठाव न्हाय आन् मलाबी ठाव न्हाय." पाठ फिरवून ती म्हणाली, "पर ज्येंच्या गाई हायेत त्येंना सांगाया पायजे."

इंद्रजितांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. तात्यांच्याच वडगावचा, शेतकी पदवी घेतलेला, कारखाना वर काढायची खरी धडपड असलेला. त्यांनी लाल रांग पाहिली, बिरदेवाचं बोलणं ऐकलं, आणि पेनच्या टोपणाची उघडझाप केली.

"ताई, अट काय होती आपली? उत्तरं तीच आली पाहिजेत."

"हो."

"मग नव्या फाईलमध्येही बावीस टाका. जुनं-नवं जुळेल. पडताळणी पूर्ण. पुढच्या महिन्यात आपण 'सुधारित गाभण आहार' म्हणून शंभर करू. गाईंना मिळायचं ते मिळेल, आणि कुणाची अब्रू जाणार नाही. तात्यांची तर नाहीच नाही."

यातलं निम्मं रश्मीला पटत होतं आणि म्हणूनच ती जास्त अस्वस्थ झाली. नवी फाईल आधी जुन्यासारखीच चालवायची आणि दुरुस्ती नंतर वेगळी करायची, ही रीत बरोबरच. दोन बदल एकदम केले तर कशामुळं काय झालं ते कळत नाही. पण रीत अशीही होती, की जो फरक सापडला तो लिहून ठेवायचा, कारणासकट.

"बावीस टाकते, सर," ती म्हणाली. "पण पडताळणीच्या कागदावर लिहिणार. जुन्या फाईलमध्ये सूत्र नव्हतं, हातानं टाकलेला आकडा होता, आणि तो चार वर्षं खाद्यात गेला. आणि ही पूड आजच शंभर व्हायला पाहिजे, महिन्यानं नाही. आज गाभण असलेल्या गाई महिनाभर थांबत नाहीत."

"आणि कारण काय लिहिणार? तात्या विसरले?"

"ते मला माहीत नाही. त्यांनाच विचारते."

रविवारी ती वडगाव निंबाळकरला गेली. तात्या ओट्यावर खुर्चीत बसले होते. अंगानं निम्मे झालेले, डावा हात मांडीवर निपचित. मागच्या वर्षी झटका येऊन गेला होता. डोकं मात्र ठणठणीत. त्यांच्या बायकोनं, प्रयागबाई काकूंनी, रश्मीला जवळ घेतलं, तोंडभर हसल्या. "तुजीच वाट बघत असत्यात. कारखान्याचं कुणी येत न्हाय गं आता." चहा ठेवायला आत गेल्या.

रश्मीला वाटलं होतं, आडून आडून विचारावं. पण तात्यांपुढं तिला कधी आडून बोलता आलं नव्हतं.

"तात्या, गाभण आहारात सेलेनियम बावीस का आहे?"

तात्यांनी कपाळाला आठी घातली. जणू कुणी फार लांबून हाक मारली होती. "बावीस… त्या वर्सी माल कडक आला हुता. आपली पूड शंभरात एक भागाची. पुरवठादारानं साडेचार भागाची धाडली. म्हंजे शंभराच्या जागी…" त्यांनी चांगल्या हाताच्या बोटांवर मोजलं नाही, मनातच भागलं. "बावीस. बरूबर हाय की. शंभर टाकलं असतं तर गाई मेल्या असत्या."

"पूड पुन्हा एक भागाची कधी आली?"

"फुडच्याच मालात. ती कडक पोती संपली आन्…"

ते थांबले. रश्मीला बाकीचं बोलायची गरजच पडली नाही. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरताना तिला दिसत होती.

"दुभत्याचं मी परत केलं," ते हळू म्हणाले. "वासराचं केलं. गाभणचा तक्ता महिन्यातनं एकदा निघायचा. त्यो…" मांडीवरचा निपचित हात त्यांनी दुसऱ्या हातानं घट्ट धरला. "किती वर्सं?"

"चार."

"चार वर्सं." मग म्हणाले, "कागदावर माजं नाव घाल. 'कुणीतरी' म्हणू नगंस. कुणीतरी म्हंजे बिरदेवावर जाईल. गरिबावर जातं शेवटी."

तेवढ्यात प्रयागबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला, रश्मीचा बघितला. "काय झालं?"

"काय न्हाय. माजी चूक दावाया आली हाय," तात्या म्हणाले. "बरं केलं."

प्रयागबाईंनी कप खाली ठेवला, पण तिच्या हातात दिला नाही. "असल्या अवस्थेत?" त्या म्हणाल्या. "ह्येंनी तुला उभं केलं. आन् तू रविवार बघून चूक दावाया आलीस?"

"अगं, गप…"

"मी का गप बसू? सगळं आयुष्य त्या कारखान्याला दिलं. एक आकडा राहिला तर काय झालं?"

रश्मी उठली. तात्यांच्या पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण प्रयागबाई आत निघून गेल्या होत्या. आतून भांडी आपटल्याचा आवाज येत होता. फाट्यावर नीरेहून येणाऱ्या गाडीची वाट बघताना रश्मीला कळेना, आपण एका माणसाला खरं सांगून आलो की दुखण्याला आणखी एक दुखणं जोडून आलो.

नंतरच्या गोष्टी भराभर झाल्या आणि तरी फार हळू झाल्या. सेलेनियम त्याच सोमवारी शंभर झालं, ते इंद्रजितांनी लावून धरलं, हे त्यांचं ऋण. प्रत्येक बॅचचा मूठभर नमुना कारखाना पिशवीत राखून ठेवतो. त्यातल्या काही पिशव्या पुण्याला तपासायला पाठवल्या. अहवाल आला, सेलेनियम हवं त्याच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतकंच निघालं. म्हणजे गोष्ट नुसती पडद्यावरची नव्हती.

संचालकांची बैठक झाली, रश्मीला बोलावलं. एक जण म्हणाले, "पडताळणी करा म्हटलं होतं, चौकशी करा म्हटलं नव्हतं." दुसऱ्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही ही फाईल इतकी वर्षं वापरलीत, तेव्हा दिसलं नाही?" दर महिन्याला तोच तक्ता तिच्याच हातून खाली गेला होता. बावीस हा आकडा तिनं कितीदा पाहिला असेल. "नाही दिसलं," ती म्हणाली, आणि तेवढं बोलून खाली बसली.

कुणी तिला काढलं नाही. पण सभासदांना जे पत्र गेलं त्यात फक्त एवढंच होतं, की गाभण आहारातल्या खनिजांचं प्रमाण सुधारलं आहे. तात्यांचं नाव पडताळणीच्या कागदावर होतं, पत्रात नव्हतं. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेला मात्र त्यांना बोलावणं गेलं नाही. सगळ्यांनी सोयीनं मान्य केलं, की त्यांना झेपणार नाही.

रश्मी पत्रावर थांबली नाही. शेळगावच्या दूध संकलन केंद्रावर संध्याकाळी बायका-माणसं कॅन घेऊन येतात. तिथं तिनं इंद्रजितांना घेऊन एक बैठक लावली. इंद्रजित यायला तयार नव्हते. शेवटी आले, आणि कोपऱ्यात उभे राहिले. रश्मीनं साध्या शब्दांत सांगितलं: गाभण आहारात एक खनिज चार वर्षं कमी पडत होतं, चूक कारखान्याची होती, आता ती दुरुस्त झाली आहे. ज्यांच्या गाई सध्या गाभण आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारून खनिज वेगळं द्यावं, ते कारखाना देईल.

मग मागून म्हाळसा पुढं आली. पन्नाशीची, डोईवर पदर घट्ट खोवलेली. तिची गाय उन्हाळ्यात गेली होती. जार अडकून.

"बाई," ती म्हणाली, "मंग माजी गाय त्येनंच गेली का?"

रश्मीनं तोंड उघडलं. हो म्हटलं असतं तर कदाचित खोटं झालं असतं. जार दहा कारणांनी अडकते, हे तिला आईनंही सांगितलं होतं. नाही म्हटलं असतं तर तेही खोटंच झालं असतं. हजारात एका भागाच्या मुभेनं जुळवून बघायला इथं दुसरी गाय नव्हती, जिला सगळं तेच घातलं आणि फक्त सेलेनियम पुरं दिलं.

"माहीत नाही, मावशी," ती म्हणाली. "कधीच कळणार नाही. असू शकतं."

म्हाळसा तिच्याकडं बघत राहिली. रागावली असती तर रश्मीला सोपं गेलं असतं. पण ती रागावली नाही. "व्हय का," एवढंच म्हणाली, आणि कॅन उचलून रांगेत परत जाऊन उभी राहिली. तिच्या मागची बाई एक पाऊल मागं सरली आणि तिला जागा करून दिली.

इंद्रजित कोपऱ्यातून आले आणि पहिल्यांदाच रश्मीच्या शेजारी उभे राहिले. "अजून कुणाची गाय गेली असेल," त्यांनी मोठ्यानं विचारलं, "तर आम्हाला सांगा. आम्ही लिहून घेतो."

हात वर व्हायला लागले.